या, बसा

मे महिन्यातली दुपार, जळगावचं ऊन. बेल वाजली. दारात मीटर वाचायला आलेला पोरगा, डोक्याला रुमाल गुंडाळलेला. माझ्या तोंडून निघालं, "काय काम आहे?" त्यानं मीटर पाहिलं, आकडा टिपला आणि जाताना जरा चाचरत विचारलं, "काका, पाणी मिळेल का?"

पाहुण्याला पाणी मागावं लागलं. आजी असती तर दोन दिवस माझ्याशी बोलली नसती.

तिच्या ओट्यावर फाटकाची कडी वाजली की माणूस दिसायच्या आधीच स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "या, बठा!" कोण आहे ते नंतर. मग खाट आडवी करायची, तिच्यावर गोधडी टाकायची आणि माठातून तांब्या भरून आणायचा. ही तिन्ही कामं माझी. तांब्या काठोकाठ भरायचा नाही, चालताना सांडतो. बूड पुसायचं, वर पेला उपडा ठेवायचा आणि वाटीत गुळाचा खडा. उन्हातून आलेल्याला आजी लगेच पिऊ देत नसे. आधी घाम मरू द्यायचा, मग गूळ, मग पाणी. पाहुणा ओठ न लावता वरून धार सोडायचा, गळ्याची घाटी वरखाली व्हायची. ती बघत मी तिथंच उभा. पेला खाली ठेवला की आजी विचारणार, "कव्हय उनात?" म्हणजे, कधी आलात? माणूस तिच्यासमोर आत्ताच आलेला असायचा, तरी!

कशाला आलात, हे मात्र विचारायचं नाही. ते पाहुण्यानंच काढायचं, आणि तेही पाणी प्यायल्यावर. एकदा बैलांचा दलाल आला होता. आजोबांकडे त्याचे पाचशे रुपये राहिलेले. त्यानं दोन पेले पाणी प्यायलं, कपाशीचं बोलला, पावसाचं बोलला, चहा झाला. चपला घालताना म्हणाला, "बाकीचं सवडीनं बघू." आजोबा हसू दाबत सुपारी कातरत बसले. याच्या उलट, जो उभ्या उभ्या "पाणी नको, घाईत आहे" म्हणायचा, तो भांडायलाच आलेला असायचा. तरी आजी म्हणायचीच, "घोटभर तरी घ्या." भांडण निम्मं तिथंच विरायचं. निम्मंच, बरं का.

आजोबा गेले त्या दिवशी ओटा माणसांनी भरला. फाटकाची कडी वाजत होती आणि आतून आवाज येत नव्हता. लोक आपले येऊन खाली बसत होते. मोठे मामा दिसले आणि सवयीनं माझ्या तोंडून "या" निघालं. आत्यानं झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

संध्याकाळी माणसं उठली. "येतो" कुणी म्हणालं नाही. अंधारात चपला शोधून एकेक जण निघून गेला.