68000 बोर्ड: मेमरी टेस्ट पास, तरी बाइट शेजारच्या घरात

मंडळी, रॅम कार्डाचं कोडं सुटलं एकदाचं! मागच्या वेळी लिहिलं होतं तेच लक्षण पाठ सोडत नव्हतं. मेन बोर्डवरच्या 64 केबीत सगळं सुरळीत, मॉनिटर छान चालतोय. पण 80000 पासून लावलेल्या जुन्या 256 केबीच्या कार्डात सिरियलवरून प्रोग्राम लोड केला, की पहिल्याच सूचनेला इल्लीगल इन्स्ट्रक्शन. आणि त्याच कार्डावर मेमरी टेस्ट मात्र दर वेळी पास.

टेस्ट पास म्हटल्यावर कार्डावर संशय घ्यायला मन धजेना. क्लॉक 8 वरून 4 मेगाहर्ट्झवर आणला, दोन्ही 628128 बदलल्या, पॉवरवर जादा कपॅसिटर टाकले. लक्षण तसूभर हललं नाही. यातूनच पहिला धागा मिळाला: टायमिंगचा दोष असता तर वेग बदलल्यावर तो कुठे तरी सरकला असता. हा दोष ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीनेच येत होता.

मग मॉनिटरमधून डंप काढला. प्रोग्रामची सुरुवात NOP ने होती, म्हणजे 4E71. वर्ड डंपमध्ये तिथे 714E दिसलं. 68000 ला 714E ही सूचनाच ठाऊक नाही, त्यामुळे तो चौथ्या व्हेक्टरवर उडी मारणारच. बाइट डंप त्याहून चमत्कारिक होता: प्रत्येक वेळी वेगळी, विस्कटलेली मूल्यं.

बाइट उलटे झालेले पाहून कुणालाही पहिल्यांदा एंडियन आठवेल. झेड-80 वर LD (2000h),HL केलं आणि HL मध्ये 1234 असेल, तर 2000 ला 34 बसतो आणि 2001 ला 12. धाकटा बाइट आधी, म्हणजे लिटल-एंडियन. 68000 बिग-एंडियन आहे: तोच 1234 लिहिला तर पहिल्या पत्त्यावर 12, पुढच्यावर 34. 12345678 हा लाँग वर्ड लिहून पहिल्या पत्त्याचा एकच बाइट वाचला, तर 68000 वर 12 हाती येतो आणि झेड-80 किंवा पीसीच्या मांडणीत 78. पण प्रोसेसर तर तोच, आणि मेन बोर्डवरच्या रॅममध्ये तो बरोबर वागत होता. फक्त कार्डावर गेल्यावर त्याचा क्रम बदलेल कसा?

मिरजेला आमचे एक काका आहेत, आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेले. त्यांना फोनवर बाइट डंपची गंमत सांगितली, तर म्हणाले, "अरे, त्या लाइनवर कुणी बोलतंय का ते तरी आधी बघ. 10 किलोओहमचा रेझिस्टर लाव." डी8 ते डी15 वर पुल-अप लावले, तर सम पत्त्यांचे बाइट FF कडे झुकले. तेच रेझिस्टर ग्राउंडला जोडले, तर 00 कडे. म्हणजे सम पत्त्याचा बाइट वाचताना वरचा अर्धा डेटा बस हवेत लोंबकळत होता. आधीच्या सायकलचा उरलासुरला चार्ज प्रोसेसर वाचत होता. विषम पत्ता वाचताना डी0 ते डी7 ची तीच गत. लॉजिक अॅनालायझरच्या आधी ही दोन पैशांची रेझिस्टर परीक्षा करावी, असं माझं आता ठाम मत आहे.

इथून पुढे सगळं उलगडलं. 68000 ला ए0 ही पिनच नाही. त्याऐवजी दोन स्ट्रोब आहेत: सम पत्त्याच्या बाइटसाठी यूडीएस, तो डी8 ते डी15 वरून जातो, विषमसाठी एलडीएस, तो डी0 ते डी7 वरून. पूर्ण वर्ड असेल तर दोन्ही एकदम. कार्डाच्या हेडरवर या दोन पिनांची नावंच उलटी छापली होती. विकणाऱ्याने पाठवलेल्या सर्किटमध्येही तीच चूक. त्यामुळे यूडीएस खालच्या चिपला जागं करत होता आणि एलडीएस वरच्या.

आता टेस्ट पास का होत होती ते बघा. ती वर्ड लिहायची आणि वर्डच वाचायची. दोन्ही स्ट्रोब एकत्र खाली येतात, दोन्ही चिपा जाग्या होतात, मग कुठला स्ट्रोब कुणाला गेलाय याने काहीच बिघडत नाही. सूचनाही वर्डनेच वाचल्या जातात, तिथेही बाधा नाही. लोडर मात्र एस-रेकॉर्डमधला एकेक बाइट move.b ने लिहितो. आणि बाइट लिहिताना 68000 तोच बाइट बसच्या दोन्ही अर्ध्यांवर ठेवतो (पुढच्या चिपांत असंच राहील याची हमी नाही, असं मोटोरोलाचं मॅन्युअल बजावतं). म्हणून 4E हा सम पत्त्याचा बाइट खालच्या चिपमध्ये व्यवस्थित लिहिला जायचा, फक्त चुकीच्या घरात. वाचताना मात्र जागी होते खालची चिप आणि प्रोसेसर बघतो वरच्या अर्ध्याकडे. लिहिणं शेजाऱ्याकडे, वाचणं हवेतून.

खात्रीसाठी एवढंच पुरलं:

```
    lea     $80000,a0
    move.w  #$0000,(a0)
    move.b  #$12,(a0)
    move.w  (a0),d0
```

d0 मध्ये 1200 यायला हवं. आलं 0012. रिबनमधल्या त्या दोन तारा अदलाबदल केल्या आणि 1200 आलं. लगेच प्रोग्राम लोड केला, NOP च्या पुढे गेला, आणि कार्डातून पहिल्यांदा स्क्रीनवर "सांगली" रोमन अक्षरांत उमटलं. एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. त्या ओळीकडे मी बराच वेळ बघत बसलो.

मेमरी टेस्ट आता नव्याने लिहिली आहे: वर्ड लिहायचा, दोन्ही बाइट वेगवेगळे वाचायचे, मग बाइट लिहायचे आणि वर्ड वाचायचा. लिहायची मूल्यंही 1234 सारखी, दोन्ही बाइट वेगळे असलेली घ्या. AAAA आणि 5555 ने अदलाबदल कधीच पकडली जाणार नाही. जुनं कार्ड लावणाऱ्यांनी सगळ्यात आधी हीच टेस्ट चालवावी.

पुढचा टप्पा सीएफ कार्ड. ठरवलं होतं की आयडीईच्या 16 डेटा लाइन सरळ जोडायच्या आणि बाइटची उलटापालट सॉफ्टवेअरमध्ये करायची. हे लिहिता लिहिता विचार बदलला. आयडीई सेक्टरचा पहिला बाइट डी0 ते डी7 वर देतं. सरळ जोडलं, तर 68000 तो विषम पत्त्यावर ठेवणार, म्हणजे प्रत्येक सेक्टरचे 256 वर्ड फिरवत बसायचे. त्यापेक्षा केबलमध्येच दोन्ही अर्धे आलटून जोडतो. फाइलमधला मजकूर आपोआप सरळ बसेल. फक्त आयडीईची 8 बिटांची रजिस्टरं मग सम पत्त्यांवर येतील, तेवढं डीकोडिंग बदलावं लागेल.

फॅटमधले आकडे तरीही लिटल-एंडियनच राहणार, ते केबलने सुटत नाही. त्यातही सेक्टरचा आकार 11 व्या ऑफसेटला आहे. पत्ता विषम, तिथे move.w केलं तर 68000 थेट अॅड्रेस एरर देतो. तो दोन बाइटांनी वाचावा लागेल: 11 ला 00, 12 ला 02, आणि 02 वर चढवून 0200, म्हणजे 512. केबल बरोबर झाली की नाही हे 510 व्या ऑफसेटवरून कळेल: तिथला वर्ड वाचल्यावर मला 55AA हवं. AA55 आलं, तर अर्धे अजून सरळच जोडलेले आहेत.