नोंद सातवी: एका दिवसाचं बेट आणि १९ दिवसांचं बेट

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, की चार्टवरच्या 'अबँडन्ड बेबी' या तीन कँडलच्या आकृतीचा स्कॅनर चालतोय पण हाती काही लागत नाही. जे लागतं ते बहुतेक कचरा. आधी कचऱ्याचं कारण सांगतो, म्हणजे पुढचा शोध का बदलला ते कळेल.

TA-Lib या चार्ट-विश्लेषणाच्या कोड-लायब्ररीतलं `CDLABANDONEDBABY` तीन गोष्टी बघतं. पहिली कँडल मोठी हवी. मधली डोजी हवी, म्हणजे ओपन आणि क्लोज जवळजवळ सारखे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना विकांसकट गॅप हवा, म्हणजे हाय-लोसुद्धा शेजारच्या कँडलला भिडता कामा नयेत. तिसऱ्या कँडलचा क्लोज पहिलीच्या बॉडीत किमान ३० टक्के आत शिरलेला हवा. सगळा घोळ मधल्या अटीत आहे. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये दिवसभरात एकाच भावाला चार-दोन सौदे होतात, मग ओपन, हाय, लो, क्लोज चारही आकडे सारखे येतात. बॉडी शून्य म्हणजे नियमाप्रमाणे पक्की डोजी. शेअर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या भावमर्यादेला, चिकटून उघडला की दोन्ही बाजूंचे गॅपही आयते मिळतात. तेजी-मंदीची कुस्ती बरोबरीत सुटल्याची ही खूण नव्हेच, त्या दिवशी आखाड्यात कोणी उतरलेलंच नसतं. जपानी लोक या आकृतीला 'सुतेगो' म्हणतात, म्हणजे टाकून दिलेलं मूल. माझ्या यादीतल्या बऱ्याच मुलांना टाकायला मुळात आईबापच नव्हते.

म्हणून मी डोजीची अट काढली, छोटे शेअर काढले आणि फक्त निफ्टी ५० वर आलो. डोजीची अट गेली की उरतं ते बेट, म्हणजे आयलंड रिव्हर्सल. बेटाला मधल्या कँडलचा आकार चालतो तसा चालतो, पाणी, म्हणजे गॅप, मात्र दोन्हीकडे हवं. त्या पाण्याची रुंदी मोजायला एवढंच लिहिलं:

```python
hi, lo = df["High"], df["Low"]
shejari = pd.concat([hi.shift(1), hi.shift(-1)], axis=1).max(axis=1)
pani = lo - shejari      # > 0 असेल तरच माथ्यावरचं बेट
```

बेटाचा लो आणि दोन्ही शेजाऱ्यांपैकी जास्त असलेला हाय, यांच्यातलं अंतर म्हणजे दोन्ही गॅपमध्ये सामाईक असलेलं पाणी. आमचे नाना अजून ग्राफपेपरवर पेन्सिलीने चार्ट काढतात. त्यांना हे दाखवलं तर म्हणाले, "अरे, मग सरळ म्हण ना, कुलाबा की जंजिरा!" अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, मुरूडच्या जंजिऱ्याला कधीही होडीच लागते. तेव्हापासून वहीत `pani` शून्याच्या खाली गेलं की 'कुलाबा' लिहितो.

कुलाब्याचं उत्तम उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. ३ जून २०२४ ला एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी गॅप देऊन वर उघडला, दिवसाचा लो २३,०६२.३०. आदल्या शुक्रवारचा हाय २२,६५० च्या जरासा वर, म्हणजे डावीकडे चारशे पॉइंटांचं पाणी. ४ जूनला निकाल लागले, निफ्टी २१,२८१ पर्यंत कोसळला आणि बंद झाला २१,८८४.५० वर. त्या दिवशी ज्याने त्याने 'आयलंड, आयलंड' म्हणत चार्ट फिरवले. पण ४ जूनचा हाय होता २३,१७९.५०. उणे ११७.२० पाणी. उजवी बाजू सरळ चालत जाण्यासारखी होती. ७ जूनला निफ्टी २३,२९० वर बंद झाला, म्हणजे बेटाच्याही क्लोजच्या वर. पाणी नव्हतं म्हणूनच हे घडलं असा दावा एका उदाहरणावरून करणार नाही, पण ज्याला बेट म्हणून विकलं गेलं ते बेट नव्हतं हे नक्की.

आता जंजिरा. हा सापडला तेव्हा दोनदा खात्री करून घेतली, कारण तारीखच अशी होती.

२९ एप्रिल २०२०, बुधवार: हाय ९,५९९.८५. ३० एप्रिल, गुरुवार: ओपन ९,७५३.५०, लो ९,७३१.५०, क्लोज ९,८५९.९०. शुक्रवारी महाराष्ट्र दिन, मग शनिवार-रविवार. ४ मे, सोमवार: ओपन आणि हाय दोन्ही ९,५३३.५०, क्लोज ९,२९३.५०. गुरुवारची कँडल सगळ्या शेजाऱ्यांपासून तुटून एकटी वर राहिली. सामाईक पाणी ९,५९९.८५ ते ९,७३१.५०, म्हणजे १३१.६५ पॉइंट.

आकडा नुसता बघून काही कळत नाही, त्या दिवसांच्या चढउताराशी ताडून बघावा लागतो. २९ एप्रिलची हाय-लो रेंज साधारण २०७ होती. म्हणजे पाणी त्या रेंजच्या ०.६ पट. शांत महिन्यात १३० पॉइंटांचं पाणी म्हणजे समुद्र झाला असता, लॉकडाऊनच्या त्या आठवड्यांत ती मध्यम खाडी होती.

हीच कँडल अबँडन्ड बेबी म्हणून का पकडली गेली नाही? बॉडी १०६ पॉइंटांची. TA-Lib च्या हिशेबात डोजीची बॉडी मागच्या दहा दिवसांच्या सरासरी रेंजच्या १० टक्क्यांच्या आत लागते. सरासरी दोनशेच्या आसपास धरली तर मर्यादा वीसेक पॉइंट. इथे पाचपट. शिवाय क्लोज दिवसाच्या हायजवळ, म्हणजे माथ्यावर कसलीही घालमेल नाही. त्या दिवशी मासिक एक्स्पायरीही होती. बाजाराचं मन पालटलं ते बाजार बंद असताना, तीन दिवसांच्या सुट्टीत: लॉकडाऊन वाढलं आणि अमेरिका-चीन वाद पुन्हा तापला. डोजीवर अडून बसलो असतो तर हे बेट हातचं गेलं असतं.

यानंतरचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १२ मेच्या रात्री पंतप्रधानांनी २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर केलं. १३ मेला निफ्टी ९,५८४.२० ला उघडला. उजवा गॅप ९,५३३.५० पासून सुरू होतो, म्हणजे भाव गॅपमध्ये शिरला. 'गॅप फिल' म्हणून बेट मोडीत काढायला इतकं पुरेसं आहे असं बरेचजण मानतात. पण सामाईक पाणी ९,५९९.८५ ला सुरू होतं. दिवसाचा हाय ९,५८४.५०. पंधरा पॉइंट अलीकडूनच माघारी फिरला, क्लोज ९,३८३.५५. तिथून १८ मेला ८,८२३.२५.

म्हणून दोन्ही गॅप वेगवेगळे न बघता सामाईक पट्टाच बघावा, असं माझं आत्ताचं मत आहे. बाजूचा भाग एकाच गॅपचा असतो, तो बुजला तरी बेट बेटच राहतं. आणि नुकतं तयार झालेलं बेट आणि एकदा मोठ्या बातमीने धडक मारूनही पट्टा न ओलांडलेलं बेट, यांना वहीत मी आता वेगळे गुण देतो.

पण हिशेब करायला बसलो की उत्साह उतरतो. `shift(-1)` मुळे माझ्या पहिल्या बॅकटेस्टने ३० एप्रिलच्याच क्लोजला विक्री करून टाकली होती. जी गोष्ट ४ मेला कळते ती चार दिवस आधी ठाऊक असल्यासारखी! निकाल इतका सुंदर आला, की तिथेच संशय यायला हवा होता. खरी एन्ट्री ४ मेच्या क्लोजला, फार लवकर म्हटलं तरी. तोवर ५६६.४० पॉइंट पडून झालेले. त्यानंतर १८ मेच्या क्लोजपर्यंत उरले ४७०. स्टॉपलॉस पट्ट्याच्या वरच्या काठावर ठेवला तर जोखीम ४३८, खालच्या काठावर ठेवला तर ३०६. तळाच्या दिवशी बाहेर पडण्याचं भाग्य गृहीत धरूनही हा सौदा बेताचाच. रुंद पाण्याचं बेट जास्त भरवशाचं, पण त्याच रुंदीमुळे तुम्ही उशिरा पोचता आणि स्टॉप लांब जातो. यावर तोडगा अजून मिळालेला नाही.

आणि मग पान उलटलं. मे महिनाभर निफ्टी त्या पाण्याखालीच राहिला. २९ मेचा हाय ९,५९८.८५, पुन्हा त्याच काठाशी. १ जूनला थेट ९,७२६.८५ ला उघडला, लो ९,७०६.९५. म्हणजे ज्या पट्ट्यातून गॅप देऊन खाली पडला, त्याच पट्ट्यातून गॅप देऊन वर आला. ४ मे ते २९ मे, १९ सत्रांचा अख्खा पुंजका खाली एकटा सुटला. हे तळाचं बेट, पाणी १०८.१० पॉइंट. माझा कोड एका दिवसाचंच बेट बघतो, त्यामुळे हे त्याला दिसलंच नाही. ते नानांच्या ग्राफपेपरवर दिसलं, तेही कागद लांबून धरल्यावर.

या दुसऱ्या बेटाचं पुढे काय झालं ते बघा. ८ जूनला निफ्टी १०,३०० च्या वर गेला. १२ जूनला सकाळी ९,५४४.९५ ला उघडला, म्हणजे पाणी ओलांडून थेट बेटावर. संध्याकाळी क्लोज ९,९७२.९०. इंट्राडे मानलं तर बेट बुडालं, क्लोज मानला तर शाबूत, आणि महिनाअखेर निफ्टी १०,३०० च्या घरात होता. मी सध्या क्लोज धरतोय. पण १ जूनला घेऊन पट्ट्याखाली स्टॉप लावलेला माणूस १२ तारखेला सकाळी सव्वानऊलाच बाहेर फेकला गेला असता, त्याला माझ्या व्याख्येचा काय उपयोग?

जुन्या डेटाबद्दल एक इशारा, कारण मी यात एक रविवार घालवला. निफ्टीचे २०१० आधीचे गॅप शोधू नका. सकाळचा ओपन भाव ठरवणारं प्री-ओपन सत्र १८ ऑक्टोबर २०१० ला सुरू झालं. त्याआधी इंडेक्सचा ओपन जवळजवळ आदल्या क्लोजलाच पडायचा. १८ मे २००९ घ्या: निवडणुकीच्या निकालानंतर बाजार वरच्या सर्किटला लागला, ३,६७१.६५ वरून क्लोज थेट ४,३२३.१५. डेटात त्या दिवसाचा ओपन आणि लो मात्र ३,६७३ च्या आसपास. इतकी मोठी उडी, आणि चार्टवर गॅप नाही, नुसती उंच हिरवी काठी.

पुढच्या खेपेला कोड बदलून बेटाची लांबी १ ते २५ सत्रं अशी मोकळी ठेवणार आहे आणि पाणी दहा दिवसांच्या सरासरी रेंजच्या किमान अर्धं मागणार आहे. या गाळणीतून मे २०२० मधलं तळाचं बेट सुटतं की अडकतं, हे अजून तपासलेलं नाही. नाना म्हणतात अडकेल. चहाची पैज लागली आहे.