फोटोत १८, डेक्सात २७

घोडबंदर रोडवरच्या आमच्या जिममध्ये उघड्या अंगाचा फोटो ग्रुपवर टाकून ‘फॅट किती टक्के?’ असं विचारायची पद्धत आहे. मीही टाकला. वजन ६८ किलो, हात-पाय बारीक, पोट जरासं पुढे. उत्तरं आली १६ ते २०. ट्रेनर म्हणाला, “सर, अठरा धरून चाला.” सगळ्यांचं इतकं जमलं याचं मला नवल वाटलं नाही, कारण सगळे मोबाइलवरचा तोच तक्ता बघत होते. त्या तक्त्यातल्या फोटोंखालचे आकडे तरी कोणी मोजले होते, हे त्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून शरीरातली चरबी क्ष-किरणांनी मोजणारा डेक्सा स्कॅन करायचं ठरवलं. ठाण्यात फोन केले, तर बहुतेक ठिकाणी हाडांच्या ठिसूळपणासाठीचा मणका आणि खुब्याचाच स्कॅन होता. ‘पूर्ण शरीराचा, फॅट आणि स्नायू वेगळे दाखवणारा’ असं स्पष्ट विचारल्यावर एक जागा मिळाली. बेल्ट, चावी काढून काही मिनिटं न हलता पडून राहायचं, एवढंच. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण शरीरातून जातात आणि हाड, चरबी, बाकीचा ऐवज त्यांना कमी-जास्त अडवतो. त्यावरून हिशेब होतो.

रिपोर्टमध्ये चरबी १८.४ किलो, हाडं २.३, बाकी ४७.३. म्हणजे २७ टक्के. ग्रुपच्या १८ टक्क्यांप्रमाणे चरबी सव्वाबारा किलो व्हायला हवी होती. सहा किलो कुठे लपले?

काही पोटाच्या आत, आतड्यांभोवती. ती फोटोत दिसत नाही. काही पाठीला आणि मांड्यांना, आणि माझा फोटो समोरून, वरच्या दिव्याखाली काढलेला, ज्यात सावल्या पडून माणूस आपोआप रेखीव दिसतो. पण मोठं कारण भागाकारात आहे. एवढ्याच चरबीवर माझे स्नायू आठ किलो जास्त असते तर वजन ७६ आणि टक्के २४ झाले असते. तक्त्यातली मंडळी कमावलेल्या अंगाची, त्यामुळे माझ्यासारख्या बारीक हाता-पायांना डोळा ‘कमी फॅट’ म्हणतो.

आपल्याकडे हे जुनंच आहे. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय २२.३, पण डेक्सात युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२!

डेक्साही देववाणी नव्हे. मशीन बदललं की एक-दोन टक्के इकडेतिकडे होतात, त्यामुळे पुढचा स्कॅन त्याच सेंटरला, सकाळी उपाशीपोटी करणार आहे. तोवर कंबर टेपने मोजतो. ती ९२ सेंटीमीटर आहे आणि भारतीय पुरुषासाठी मर्यादा ९० धरतात. ट्रेनरला रिपोर्ट दाखवला, तर तो म्हणाला, “मशीन जास्त दाखवतं.”