‘आलोच’ म्हणून गेलेली माणसं

आमच्या दुकानात गल्ल्याच्या डाव्या हाताला एक कोपरा आहे. तिथे ‘आलोच’ म्हणून गेलेल्या माणसांची पुस्तकं असतात. गाडी लावून आलोच, एटीएममधून पैसे काढून आलोच, हिला एकदा विचारून आलोच. त्यातले निम्मे येतात. बाकीच्यांची पुस्तकं संध्याकाळपर्यंत तशीच ठेवायची आणि दिवे मालवायच्या आधी निमूटपणे परत मांडणीवर लावायची. अप्पा बळवंत चौकाच्या बोळात तीस वर्षं काढल्यावर याचं वाईट वाटेनासं होतं.

वाईट वाटलं ते यंदा दिवाळी झाल्यावर. वेबसाइट पुतण्या बघतो. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतच्या ऑर्डरींचा हिशेब काढून दे म्हटलं, तर त्याने दोन याद्या दिल्या. पहिलीत ७० ऑर्डरी होत्या. दुसरी बरीच लांब होती.

“ह्या काय?”

“सोडून दिलेल्या कार्ट, काका. १७०.”

म्हणजे २४० जणांनी वस्तू पिशवीत टाकल्या आणि १७० जण पिशवी तिथेच ठेवून निघून गेले. माझा चेहरा पाहून तो म्हणाला, “जगभर शंभरातल्या सत्तरएक कार्ट अशाच पडून राहतात.” असतील. पण जगभर दिवाळी अंक विकत नाहीत. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला फराळाच्या ताटाशेजारी अंक लागतो, आणि तो लागतो त्याच आठवड्यात. तुळशीच्या लग्नानंतर त्याच अंकाला गिऱ्हाईक ‘किती सोडता?’ विचारतं.

मग मी ती यादी घेऊन बसलो. रोजमेळ तपासायची जुनी सवय उपयोगी पडली. आधी फोन नंबर जुळवले. आमच्याकडे तासाभरात ऑर्डर झाली नाही की पिशवी ‘सोडलेली’ म्हणून नोंदली जाते. पण माणूस दुपारी ऑफिसात मोबाइलवर अंक निवडतो आणि रात्री जेवणं उरकल्यावर कम्प्युटरवर पैसे भरतो. तो दोन्ही याद्यांत असतो. असे २८ निघाले. त्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

आणखी ६१ जणांनी नाव, नंबर काहीच दिलेलं नव्हतं. नुसते अंक टाकले आणि गेले. दुकानात असे रोज येतात. अंक उचलतात, अनुक्रमणिका बघतात, वास घेतात, ठेवतात. त्यांच्यावर राग धरला तर हा धंदाच करू नये. यातलेच एक गृहस्थ पाडव्याला दुकानात आले होते, हे मला नंतर उमगलं. मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाले, “हे आठ द्या.” पडद्यावर आमचीच वेबसाइट, आमचीच पिशवी! आठ अंक मोजून घेतले, रोख पैसे दिले आणि गेले. कम्प्युटरच्या लेखी त्यांनी आम्हाला सोडलेलं आहे.

राहिले ८१. यांनी नाव, पत्ता, पिनकोड सगळं नीट भरलं होतं. एवढं टंकणारा माणूस विंडो शॉपिंग करत नसतो. यातले १२ पैसे भरताना अडकले होते. त्यांतले बरेचसे धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, अर्ध्या तासात ओळीने. तेव्हा पेमेंटच रखडत होतं. दुकानातही दोघातिघांनी कोड स्कॅन करून, वाट बघून, शेवटी पाकीट काढलं होतं. त्याला माझा इलाज नाही.

उरलेले ६९ मात्र एकाच पानावर थांबले होते. पत्ता भरल्यानंतर टपालखर्च दिसतो, त्या पानावर.

मी म्हटलं, बघितलंत ना, पाचशेचे अंक घेतील पण टपालाचे पैसे नकोत! पुतण्या काही बोलला नाही. त्याने फक्त यादी अंकांच्या संख्येप्रमाणे लावून दिली. ६९ पैकी ४७ पिशव्यांत चार किंवा जास्त अंक होते. आणि पुऱ्या झालेल्या ७० ऑर्डरींत एवढे अंक किती जणांनी घेतले? चौघांनी. म्हणजे एकटादुकटा अंक घेणारा पैसे भरत होता आणि घसघशीत खरेदी करायला आलेला उंबरठ्यावरून परत जात होता. दुकानात नेमकं उलटं असतं. पाच अंक हातात घेतलेला माणूस सहावा घेऊनच जातो.

धीर करून मी त्यातल्या एका बाईंना फोन लावला. सुरुवात चुकलीच. “तुम्ही पाच अंक निवडले होते...” म्हटल्यावर पलीकडे शांतता. मग, “तुम्ही माझी पिशवी बघता?” मी गडबडलो. पण त्यांना दया आली असावी. म्हणाल्या, “अहो, टपालाचे ३६० सांगत होते. त्यात अजून एक अंक येतो की!”

तीनशे साठ? मी स्वतःच्या मोबाइलवर पाच अंक टाकले, घरचा पत्ता दिला. ३६०. मुकाट्याने पान बंद केलं. पुण्यातल्या पुण्यात एवढे पैसे मीही देणार नाही.

मग तराजू काढला. कुरिअरवाला पहिल्या अर्ध्या किलोला ४५ आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ३५ घेतो. अंक ठेवले एकेक करून: ३७० ग्रॅम, ३४०, ४१० तो जाडा. पाचांचं मिळून पावणेदोन किलोच्या आसपास, खोका आणि चिकटपट्टी धरून दोनच्या आत. म्हणजे १५० रुपये. वरचे २१० आले कुठून?

ते आले रिकाम्या रकान्यातून. पुस्तकांची वजनं वर्षानुवर्षं नीट भरलेली आहेत. अंक मात्र घटस्थापनेनंतर गठ्ठ्यांनी येतात. मुखपृष्ठाचा फोटो, किंमत, झालं, पुढचा. वजनाची जागा कोरी. आणि ‘वजन नसेल तर एक किलो धर’ अशी सोय आम्हीच करून ठेवलेली, फुकट टपाल जाऊ नये म्हणून. एका अंकाला ४५ च्या जागी ८० लागत होते. तेवढं कुणाला खुपलं नाही. पाच झाले की मात्र ती पाच किलोंची पोतडी होत होती.

हे कळल्यावर दुसरी गोष्ट आठवली आणि कान गरम झाले. कुरिअरचं बिल खऱ्या वजनाने येतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ते चुकतं करताना मी घरी सांगितलं होतं, “यंदा टपालात बरं सुटलं हो!” सुटलं कसलं, ७० जणांच्या खिशातून काढलं होतं. एकेकाचे किती जास्त घेतले ते मांडून परत पाठवले. एकाने उलट विचारलं, हा काही फसवणुकीचा प्रकार नाही ना?

वजनं भरायला एक दुपार लागली. मी तराजूवर ठेवायचं, आकडा म्हणायचा, पुतण्याने लिहायचं. टपालखर्चही आता पिनकोड टाकला की पिशवीच्या पानावरच दिसतो. ज्यांनी निरोप चालेल अशी खूण केली होती, त्यांना दोन ओळी पाठवल्या: चूक आमची होती, खरा खर्च इतका. नऊ जण परत आले. एकीने कळवलं, वाचनालयाची योजना घेतली, आता पुढच्या वर्षी.

फोनवाल्या बाईंनी पाचाचे सहा केले.

काल रात्री माझ्याच मोबाइलवर निरोप आला: ‘तुमची पिशवी अजून तुमची वाट पाहत आहे.’ आत माझे पाच अंक तसेच होते, टपालखर्च १५०. हिला एकदा विचारून बघतो म्हटलं.