एका कामगारासाठी ओडिया पाटी

पाटीचे भाषांतर दोन संध्याकाळी झाले. ती लावण्याची परवानगी मिळायला मात्र अकरा दिवस लागले, आणि त्या अकरा दिवसांचा राग अजूनही माझ्या मनातून गेलेला नाही.

२०२३ च्या जूनमध्ये आमच्या भोसरीतील प्रेस शॉपमध्ये, म्हणजे धातूला यंत्राने दाबून आकार देणाऱ्या विभागात, ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून एक तरुण कामावर रुजू झाला. तो हिंदी जेमतेम बोलत असे, पण वाचता त्याला फक्त ओडिया येत होते. आमच्या पाट्या मराठी आणि इंग्रजीत होत्या. मी ओडिया पाट्यांचा मसुदा कार्यालयात दिला, तेव्हा उत्तर मिळाले की कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १०८ नुसार सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असल्या की पुरे. एका माणसासाठी वेगळा खर्च मंजूर होणार नाही. मी रोज विचारायला जात होतो आणि कागद त्याच टेबलावर पडलेला दिसत होता. तोपर्यंत मी त्याला प्रेसवर बसू दिले नाही, मालाच्या गाडीवर ठेवले. त्यावरूनही मला बोलणी खावी लागली. शेवटी मी त्याच कायद्याचे कलम ७अ जोडून लेखी अर्ज दिला. सुरक्षिततेसाठी आवश्यक ती माहिती आणि प्रशिक्षण सर्व कामगारांना देण्याची जबाबदारी त्यात भोगवटादारावर, म्हणजे कारखाना चालवणाऱ्यावर, टाकलेली होती. तिथे ‘बहुसंख्य’ हा शब्द नव्हता. दुसऱ्या दिवशी सही झाली. हे कलम मी पहिल्याच अर्जात घालायला हवे होते, तोंडी बोलण्यात दिवस घालवायला नको होते.

भाषांतर आमच्या एका ओडिया वेल्डरने केले. मूळ पाटीवर ‘मशीन बंद केल्याशिवाय डायमध्ये हात घालू नये’ असे होते. डाय म्हणजे प्रेसमधला आकार देणारा साचा. ओडिया मजकूर नव्या कामगाराला वाचायला देऊन, यानुसार काय करशील ते दाखव, असे मी सांगितले. प्रेसला वीज नव्हती. त्याने लाल बटण दाबले आणि लगेच हात डायकडे नेला. भाषांतर अचूक होते, चूक आमच्या मूळ मराठी वाक्यातच होती. आमचा प्रेस जुन्या की-क्लचचा आहे. मोटर बंद झाली तरी फ्लायव्हील हे मोठे चाक बराच वेळ फिरत राहते, आणि तेवढ्यात पेडल दाबले गेले तर रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, खाली येतो. म्हणून वाक्य बदलले: ‘लाल बटण दाबा. मोठे चाक पूर्ण थांबलेले डोळ्यांनी पाहा. रॅमखाली ठोकळा लावा. मगच हात घाला.’

छापखान्याला मजकूर पीडीएफमध्येच द्यावा, कारण आमच्या पहिल्या नमुन्यात फाँट बदलल्याने ओडिया जोडाक्षरे तुटली होती आणि ते मला नव्हे, वेल्डरला दिसले.

मराठी पाटीही आम्ही त्याच आठवड्यात बदलली.