तुम्ही विचारलंत म्हणून: यादीतल्या नंबरावर पहिला फोन

"डिरेक्टरीत नंबर दिलेलाच असतो, मग अनोळखी कारखान्याला फोन करायला एवढा विचार कशाला? तुम्ही सुरुवात नेमकी कशी करता, आणि किती वाजता?"

वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आमचा नालीदार पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा लहान कारखाना आहे. आमचे बरेचसे ग्राहक ओळखीतून आलेले असले, तरी काही असेही आहेत ज्यांचा नंबर मी औद्योगिक डिरेक्टरीतून किंवा त्यांच्याच वेबसाइटवरून घेतला आणि सरळ फिरवला. असा नंबर उघड्यावर असला, तरी तो कोणत्या कामासाठी दिला आहे, हे मी आधी पाहते. पंप बनवणारा माणूस डिरेक्टरीत नंबर छापतो तो पंप विकत घेणाऱ्यांसाठी, आणि मी तर त्याला खोकी विकायला निघालेली असते. फोनची घंटा वाजते तेव्हा त्याला वाटते गिऱ्हाईक आले, आणि उचलल्यावर निघते मी. हा त्याचा छोटासा अपेक्षाभंग पहिल्या पंधरा-वीस सेकंदांतच उघड करून टाकायचा, एवढ्यावर माझी सगळी सुरुवात बेतलेली आहे.

म्हणून मी चार गोष्टी एका दमात सांगते: मी कोण, कुठून बोलते, नंबर कुठे मिळाला आणि काम काय. गेल्या वर्षी पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याला केलेला फोन नमुन्यादाखल सांगते. बोलणे गुजरातीत झाले, कारण इथल्या कारखान्यांत फोनची भाषा तीच आहे, पण मजकूर असा होता: "नमस्ते, मी मकरपुऱ्याहून बोलते, आमचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं काम आहे. तुमचा नंबर मी वसाहतीच्या डिरेक्टरीतून घेतला. तुमच्याकडे पॅकिंगचा माल कोण मागवतं, एवढंच विचारायचं होतं. आत्ता दोन मिनिटं बोलता येईल का? नको असेल तर तसंही सांगा." यात मी "कसे आहात" विचारलेले नाही, कारण अनोळखी माणसाने तब्येतीची चौकशी केली की ऐकणारा सावध होतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते. "तुमच्याकडून चौकशी आली होती" अशी थाप तर कधीच मारायची नाही. ती पुढच्याच वाक्यात उघडी पडते, आणि मग खोके कितीही मजबूत असले तरी उपयोग नसतो.

नंबर कुठून मिळाला हे आपणहून सांगितल्याने फार फरक पडतो, असा माझा अनुभव आहे. समोरच्याच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो, आणि तो त्याने विचारण्याआधी उत्तर मिळाले की त्याचा आवाज उतरतो. यातून एकदा असेही कळले की डिरेक्टरी जुनी होती. फोन एका घरी लागला आणि उचलणाऱ्या बाईंनी सांगितले की कारखाना बंद होऊन तीन वर्षे झाली, यजमानही आता नाहीत, पण फोन अजून येतात. मी माफी मागितली, नंबर खोडला, आणि डिरेक्टरी काढणाऱ्यांना कळवू का, असे त्यांना विचारले. त्या "कळवा" म्हणाल्या, तेव्हाच कळवले.

परवानगीचा प्रश्न विचारण्याचीही एक रीत आहे. "आत्ता बोलू की नंतर फोन करू?" हे वाक्य ऐकायला नम्र वाटते, पण त्यात नकाराला जागाच ठेवलेली नाही, कारण दोन्ही उत्तरांत फोन होणारच असतो. हीच चलाखी पुष्कळ जण शिकवतात, आणि मला ती आवडत नाही. "नको" हे उत्तर ज्याला सहज देता येते, तोच "हो" मनापासून म्हणतो. प्रश्न विचारला की मी गप्प राहते. दोन-तीन सेकंदांची ती शांतता नवख्या माणसाला खायला उठते, म्हणून तो मध्येच "आमचा भाव फार चांगला आहे" असे काहीतरी बोलून बसतो, आणि परवानगी मागितल्याचा अर्थच संपतो.

त्या पंपवाल्यांकडे फोन उचलला ऑफिसातल्या मुलीने. अशा वेळी "साहेबांशी वैयक्तिक काम आहे" म्हणून पुढे सरकण्याचा मोह होतो, पण तिलाही मी त्याच चार गोष्टी सांगितल्या. ती म्हणाली, खरेदी स्टोअरचे भाई पाहतात आणि ते चारनंतर मोकळे असतात. तिचे नाव विचारून घेतले आणि सव्वाचारला पुन्हा फोन केला. स्टोअरच्या भाईंना पहिल्या वाक्यातच सांगितले की सकाळी ऑफिसातल्या मुलीशी बोलणे झाले होते आणि ही वेळ तिनेच सुचवली. त्यांनी दोन मिनिटे दिली. मी भाव सांगितला नाही. इतकेच विचारले की खोके तीन थरांचे वापरता की पाच थरांचे, आणि त्यात साधारण किती किलो माल जातो. बिडाचे सुटे भाग जड असतात. तिथे पाच थरांचे, म्हणजे तीन सपाट कागद आणि त्यांच्यामध्ये दोन नालीदार, असे खोके लागते, तरीही पुष्कळ जण तीन थरांवर भागवतात आणि मग तळ सुटल्याची तक्रार करतात. त्यांचेही तेच होते. "नमुन्याची दोन खोकी पाठवू का, आणि माप व्हॉट्सअॅपवर मागवू का?" हे विचारले, त्यांनी हो म्हटले, आणि घड्याळात दोन मिनिटे होत आली होती म्हणून मी फोन ठेवला. व्हॉट्सअॅपसाठीही वेगळे विचारावे लागते, कारण फोनवर बोलायला दिलेली परवानगी संदेश आणि पीडीएफ पाठवायला लागू होत नाही.

मराठी आडनाव दिसले की मराठीत सुरुवात करावी का, हे दांडिया बाजारातले आमचे लोक नेहमी विचारतात. मी करत नाही. समोरचे मराठीत बोलू लागले तर मीही बोलते, पण "आपलीच माणसं" हा धागा पहिल्या मिनिटाला ओढला तर नाही म्हणणे त्यांना जड जाते, आणि जड करून मिळवलेला होकार दुसऱ्या ऑर्डरपर्यंत टिकत नाही.

वेळेचे गणित कारखान्याच्या दिवसावरून मांडावे. सकाळी कामगार येतात, मशीन सुरू होते, कोण आले आणि कोण नाही याचा हिशेब चालतो, म्हणून अकराच्या आधी मी फोन करत नाही. अकरा ते साडेबारा ही चांगली वेळ. दीड ते तीनपर्यंत जेवण आणि थोडी झोप, जी आपल्या शहरात अजून टिकून आहे. मग चार ते साडेपाच. सुट्टी सगळ्यांची रविवारीच असते असे धरू नये. वसाहतीत काहींची दुसऱ्या वारी असते आणि ती ऑफिसात एका प्रश्नात कळते. पगाराचे दिवस, म्हणजे महिन्याची सात ते दहा तारीख, आणि मार्चची अखेर मी सोडते. नवरात्रात लोक रात्री उशिरा परततात, तेव्हा बाराच्या आत फोन नको. दिवाळीनंतर लाभपाचमीपर्यंत नवा सौदा कोणी ऐकत नाही, आणि 14 व 15 जानेवारीला तर अख्खे शहर पतंग उडवायला गच्चीवर असते.

फोन उचलला नाही तर लगेच दुसऱ्यांदा करायचा नाही. लागोपाठ दोन फोन म्हणजे घरी काहीतरी झाले, असा अर्थ लोक घेतात. मी एक-दोन दिवस सोडून वेगळ्या वेळी एकदा करते, आणि तोही उचलला नाही तर थांबते.

आता कायद्याचे, कारण इथे मी स्वतः ठेचकाळले आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी एका दुपारी यादी समोर ठेवून पंचेचाळीस-पन्नास नंबर ओळीने फिरवले, प्रत्येकाला तेच पाठ केलेले वाक्य. चार दिवसांनी मोबाइल कंपनीकडून तक्रारी आल्याचा इशारा आला. तोवर मला वाटत होते की नको असलेल्या फोनचे नियम बँकांना आणि बिल्डरांना आहेत. तसे नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2018च्या नियमांप्रमाणे जाहिरातीचे फोन नोंदणी करून ठरवून दिलेल्या नंबरांच्या मालिकेतूनच करायचे असतात, म्हणून खऱ्या जाहिरातीचे नंबर 140 ने सुरू होतात. आपल्या साध्या दहा आकड्यांच्या मोबाइलवरून तसे फोन करणारा हा नोंदणी नसलेला विक्रेता ठरतो. 2025 च्या दुरुस्तीने तक्रारीसाठी सात दिवस दिले आहेत आणि दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की कारवाई सुरू होऊ शकते. पहिल्या वेळी पंधरा दिवस बाहेर जाणारे फोन बंद, पुन्हा झाले तर वर्षभर सगळी जोडणी बंद. ज्याच्या ऑर्डरी फोनवर येतात त्याला पंधरा दिवसही परवडत नाहीत. तक्रार 1909 वर कोणीही करू शकते. आपण दोघेही व्यापारी आहोत म्हणून सूट मिळेल, असे मी गृहीत धरत नाही.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यातून माणसाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती वगळली आहे, हे कोणीतरी तुम्हाला सांगेल. ते खरे आहे, पण फोनचे नियम वेगळे आहेत आणि ते नंबर कुठून मिळाला हे पाहत नाहीत. ज्यांना रोज शेकडो फोन करायचे आहेत त्यांनी नोंदणी करावी. माझे दिवसाला पाच-सहा फोन असतात, प्रत्येकाआधी त्या कारखान्यात काय बनते ते पाहिलेले असते, आणि एकही फोन सरसकट यादीवरून होत नाही. तरीही एखाद्याने तक्रार केली तर ती त्याची मुभा आहे.

माझ्याकडे एक वही आहे. त्यात तारीख, नंबर, तो कुठे मिळाला, कोणी उचलला आणि काय म्हणाले एवढे पाच रकाने असतात. "नको" म्हणणाऱ्याचे पान लाल शाईने भरते. तिथे "दोन महिन्यांनी पाहू" असे लिहिले जात नाही, कारण त्यांनी तसे म्हटलेलेच नसते. फोन आता माझा भाचाही करतो, आणि नंबर फिरवण्याआधी त्याने ती लाल पाने पाहायची, असे ठरले आहे. मागच्या आठवड्यात त्याने न पाहता एक फिरवला. उचलणाऱ्या काकांनी शांतपणे सांगितले की तुमच्या मावशींना मी नको म्हणालो होतो. त्याने माफी मागून फोन ठेवला, आणि त्या पानावर आता त्याचीही सही आहे.