म्हैसूर: ज्योत न दिसणारा दिवा

म्हैसूरला राजवाडा सगळेच बघतात. आम्ही मात्र पहिल्याच सकाळी जगनमोहन पॅलेसच्या कलादालनात गेलो. सोबत माझा दहा वर्षांचा भाचा चिनू, त्याची वही आणि पेन्सिल.

आम्हाला बघायची होती ती हातात दिवा घेतलेली बाई. बरेच जण हे चित्र राजा रविवर्म्याचं समजतात. आमच्या शेजारी उभे असलेले आजोबाही नातवाला तेच सांगत होते. चित्र आहे आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं. त्यांनी आपल्या मुलीला, गीताला, दिवा घेऊन उभं केलं आणि कागदावर जलरंगात ते रंगवलं.

चिनू खाली बसला आणि दहा मिनिटांत चित्र उतरवून मोकळा झाला. साडी, हात, दिवा आणि दिव्यावर पाठ्यपुस्तकात असते तशी टोकदार ज्योत, भोवती किरणं.

मी विचारलं, "ज्योत कुठे दिसली तुला?"

"दिव्याला असतेच ना, मावशी!"

"असते. पण इथे दिसतेय का?"

तो उठून चित्राच्या जवळ गेला. बराच वेळ काही बोलला नाही. ज्योत कुठेच नव्हती. ती बाईच्या आडव्या धरलेल्या हातामागे होती. दिसत होती ती बोटं, आणि बोटांच्या फटींतून झिरपणारा लालसर उजेड.

परत येऊन त्याने ज्योत खोडली. आता पंचाईत झाली. उजेड काढायचा कसा? पेन्सिल तर काळी! मी त्याला जलरंगाची गंमत सांगितली. त्यात उजेड बहुतेक वेळा रंगाने आणत नाहीत. तिथला कागद कोरा ठेवतात किंवा रंगाचा अगदी पातळ हात देतात. एकदा गडद रंग बसला की तो कोरेपणा परत मिळवणं फार कठीण. चिनूने मग बोटांच्या मधली जागा सोडून दिली आणि आजूबाजूचा अंधार गिरवायला घेतला. मनगट दुखेपर्यंत गिरवला. हात अजून वाकडाच होता, साडीच्या निऱ्या तर सोडूनच दिल्या होत्या, पण बोटांमागे काहीतरी जळतंय हे कळत होतं. मला ते पान फार आवडलं.

रात्री लॉजवर त्याने खोलीतले दिवे घालवले, मोबाइलचा टॉर्च लावला आणि त्यावर हात धरला. "बोटांच्या कडा लाल दिसतात, मधे काळं," तो म्हणाला. मग टॉर्च माझ्या हातात दिला, छातीशी धरायला लावला आणि वहीचं नवं पान उघडलं.

"मावशी, हलू नकोस. तुझ्या नाकाची सावली वर चाललीय, कपाळाकडे. त्या चित्रात अशी आहे का गं?"

मला आठवेना.

"उद्या परत जाऊ," तो म्हणाला आणि माझं नाक काढू लागला.